चित्र नसलेला प्रश्न

त्या दिवशी सगळ्या शाळांमधून मेसेज आले, फक्त आमच्या शाळेतून आला नाही. मी घाबरलो तो त्यामुळे.

तालुक्यातल्या दहावीच्या मुलांची सामायिक सराव परीक्षा चालू होती. एकच प्रश्नपत्रिका, सगळ्या शाळांना. इतिहासाचा पेपर होता आणि पर्यवेक्षणासाठी शिक्षकांची अदलाबदल केलेली असल्यामुळे मी माझ्या शाळेत नव्हतो, गोंदियातल्या दुसऱ्या एका शाळेत होतो. पेपर वाटून थोडा वेळ झाला असेल, तर पहिल्या बाकावरचा मुलगा उभा राहिला.

"सर, सहाव्या प्रश्नात चित्र नाही."

मी त्याच्या हातातला कागद घेऊन पान उलटलं. "पुढील भित्तिपत्रकाचे निरीक्षण करा व विचारलेल्या प्रश्नांची उत्तरे लिहा." त्याखाली लगेच प्रश्न. चित्रासाठी जागासुद्धा सोडलेली नव्हती. भित्तिपत्रकातील दोन व्यक्ती कोण आहेत? त्यांना एकाच ओळीत का उभे केले असावे? हे भित्तिपत्रक कोणी, कोणासाठी काढले असावे? त्यात काय दाखवलेले नाही, असे तुम्हाला वाटते?

"निरीक्षण कशाचं करू सर?" मागून एका मुलीनं विचारलं.

"बाकाचं कर," शेजारची म्हणाली.

वर्ग हसला. मला हसू आलं नाही. तो प्रश्न मीच काढला होता.

हे तिथं कुणाला ठाऊक नव्हतं. सामायिक परीक्षेचा पेपर कुणी काढला हे शिक्षक संघाच्या अध्यक्षांखेरीज कुणाला सांगत नाहीत. मी मुलांना म्हणालो, थांबा, विचारतो. व्हरांड्यात जाऊन फोन पाहिला तर संघाच्या ग्रुपवर मेसेज पडू लागले होते. प्र. ६ चित्र नाही. आमच्याकडेही नाही. मुलं विचारून राहिली, काय सांगायचं? एका सरांनी तर "चित्र अदृश्य आहे काय?" असं लिहून हसरा चेहरा टाकला होता. एकेक शाळा येत होती. मी आमच्या शाळेची वाट पाहत होतो.

आमची शाळा कामठ्याच्या पलीकडे, थोडी आत आहे. तिथं त्या दिवशी पर्यवेक्षक बाहेरचेच होते. त्यांना मुलांनी विचारलं असतं तर त्यांनीही लिहिलंच असतं. त्यांनी लिहिलं नाही. म्हणजे आमच्या मुलांनी विचारलंच नाही. म्हणजे चित्र नसताना माझी मुलं निवांत उत्तरं लिहीत बसली होती.

व्हरांड्यात ऊन होतं, तरी मी तिथंच ग्रुप उघडून पाहत राहिलो. थोड्या वेळानं अध्यक्षांचा मेसेज आला. प्र. ६ रद्द समजावा, सर्वांना पूर्ण गुण देण्यात येतील, वर्गात सूचना द्यावी. आमच्या शाळेतल्या पर्यवेक्षकांनी त्याखाली फक्त अंगठा टाकला.

आता ते चित्र काय होतं आणि गेलं कुठं, हे सांगायला हवं.

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातल्या एका सरकारी भित्तिपत्रकाचा फोटो माझ्याकडे बरीच वर्षं आहे. रंगीत आहे. एका बाजूला नांगर धरलेला शेतकरी, दुसऱ्या बाजूला बंदूक घेतलेला शिपाई, दोघांचे पाय एकाच रेषेवर, दोघांची नजर एकाच दिशेला. मागं पिवळं शेत. अन्न पिकवणाराही लढतोच आहे, असं त्याला म्हणायचं आहे. मी दरवर्षी ते वर्गात दाखवतो. कुणी काढलं, का काढलं, काय लपवलं, हे मुलांना विचारतो. धानाच्या गावातली पोरं ती. नांगर पाहिल्यावर बोलू लागतात. मला खरंच वाटतं की मी त्यातल्या त्यात बरं काही शिकवत असेन तर ते हेच.

त्या वर्षी पेपर माझ्याकडे आला आणि मी तोच फोटो त्यात घातला. इथवर चूक असली तरी ती आळसाची म्हणता आली असती. पण खरं पुढंच आहे. पेपर संघाकडे पाठवून झाल्यावर, परीक्षेच्या आधीच्या आठवड्यात, मी ते चित्र वर्गात पुन्हा लावलं. चारही प्रश्न फळ्यावर लिहिले. तेच, त्याच क्रमानं. म्हणालो, "हे नीट पाहून ठेवा रे." मागच्या वर्षी आमची शाळा तालुक्यात खाली गेली होती आणि मुख्याध्यापक मला सगळ्यांसमोर लागेल असं बोलले होते. हे कारण झालं. नंतर कित्येक दिवस मी स्वतःला सांगत राहिलो की ती नेहमीची वर्गचर्चा होती. ती नव्हती. मी मुद्दाम दाखवलं.

पेपर गोंदियातल्या एका प्रेसमध्ये छापला जायचा. त्यानंतर एक-दोन दिवसांत तिथून मालकाचा मला फोन आला. संघानं माझा नंबर "दुरुस्तीसाठी" म्हणून दिला होता. "सर, इधर कॉम्प्युटर पे ही वो फोटो एकदम काला आ रहा है. कलर का है ना. बच्चों को कुछ नहीं दिखेगा." एकरंगी छपाईत ते व्हायचंच, मला आधी सुचायला हवं होतं. मी म्हणालो, फोटो काढून टाका, मी त्या जागी दुसरा प्रश्न पाठवतो. त्यांनी फोटो काढला. दुसरा प्रश्न मी पाठवला नाही. सासऱ्यांना दवाखान्यात ठेवलं होतं, धावपळ होती, आणि मनात असंही होतं की पाठवू उद्या. त्यांनी उद्याची वाट पाहिली नाही. पान छापून गेलं.

पेपरच्या दुसऱ्या दिवशी मी शाळेत गेलो तर पोरं गेटावरच भेटली. खूश होती.

"सर, चित्र नोतं, तरी आमी लिवलं," एक मुलगा म्हणाला. "आमाले तर पाठच होतं."

"त्या सरनं मंग सांगतलं, रद्द आहे म्हून. तोपर्यंत आमी सातव्यावर होतो."

"हळू बोल," मी म्हणालो. त्याला कळलं नाही मी काऊन रागावलो ते.

पेपर तपासणी रविवारी होती. इतिहासाचे सगळे शिक्षक गोंदियातल्या एका शाळेच्या हॉलमध्ये बसून तपासतात. आपल्या शाळेचा गठ्ठा आपल्याला मिळत नाही. आमचा गठ्ठा एका मॅडमकडे गेला. माझ्या पुढच्याच रांगेत बसल्या होत्या. वयानं मोठ्या, बोलायला मोकळ्या. मी त्यांच्या पाठीकडे पाहत दुसऱ्या शाळेचे पेपर तपासत होतो, आणि काय तपासत होतो ते देवालाच माहीत. सहावा प्रश्न रद्द होता, तेव्हा तो कुणी वाचणार नाही, सरळ गुण टाकून पुढं जातील, अशी माझी आशा होती. इतर जण तसंच करत होते. पण मॅडम वाचणाऱ्यांतल्या निघाल्या.

"अहो, इकडे ऐका," त्या एकदम म्हणाल्या. "इथं तर चित्र नसून पोरगी चित्र सांगून राहिली! नांगर धरलेला शेतकरी आहे म्हणते. बाजूला शिपाई आहे."

"दिव्यदृष्टी आली असंल," कुणीतरी म्हणालं.

"आमच्या पोरांना तर असलेलं चित्र दिसत नाही बाप्पा."

हॉल हसत होता. मॅडमनी पुढचा पेपर उघडला. मग त्यापुढचा. त्यांचं हसू हळूहळू कमी झालं. "यानंही लिहिलं आहे. शेतकरी आणि शिपाई. यानंही." मग त्या पुन्हा पहिल्या पेपरकडे आल्या आणि शेवटचं उत्तर त्यांनी मोठ्यानं वाचलं. चित्रात काय दाखवलेलं नाही? मी काढलेल्या नमुना उत्तरात युद्धकाळातली धान्यटंचाई होती. त्या मुलीनं लिहिलं होतं की चित्रात पीक उभं आहे, पण रोवणा करणारी बाई कुठंच नाही, आणि शेतकरी एकटाच असेल तर धान लावलं कोणी.

"हे मात्र पोरीनं स्वतः लिहिलं," मॅडम म्हणाल्या. "पण चित्र तिनं पाहिलं आहे. पाहिल्याशिवाय पीक उभं आहे हे कसं कळलं?"

मी लाल पेन धरून बसलो होतो. इतका घाबरलो होतो की मला खोकलासुद्धा येऊ नये असं वाटत होतं.

अध्यक्ष सर उठून आले. त्यांनी तीन-चार पेपर पाहिले. ते जे बोलले ते साधंच होतं, पण मला तोवर ते तितकं स्पष्ट सुचलं नव्हतं. छापलेल्या पेपरात चित्र नाही. म्हणजे पेपर फुटला असता तरी चित्र फुटलं नसतं. संघाकडे आलेली फाइल त्यांनी न उघडता तशीच प्रेसला पाठवली होती. चित्र होतं ते दोनच ठिकाणी, काढणाऱ्याकडे आणि प्रेसमध्ये.

छापताना चित्र गळलं नसतं तर सगळ्या तालुक्यातल्या मुलांनी शेतकरी आणि शिपाई लिहिलं असतं आणि आमची मुलं त्यात मिसळून गेली असती. चार प्रश्न तेवढे उरले म्हणून ती उघडी पडली.

तेवढ्यात कामठ्याकडच्याच दुसऱ्या एका शाळेचे सर पुढं झाले. त्यांनी मुलीचं नाव वाचलं, आडनाव वाचलं. आमच्याकडे आडनावावरून गाव, मोहल्ला, सगळं कळतं. "अरे, हिचा बाप तर त्या प्रेसमध्येच मशीनवर आहे ना!"

हॉलभर एक सुस्कारा फिरला. सुटकेचा. कुणी "कशावरून?" असं म्हटलं नाही. तो माणूस दुसऱ्या मोहल्ल्यातला, माझ्यासारख्या धानशेतीवाल्या घरातला असता तर निदान एकानं तरी म्हटलं असतं. मला तेव्हाही तसं वाटलं आणि मीही म्हटलं नाही.

खरं तर मी त्या हॉलमधला एकटा माणूस होतो ज्याला पक्कं माहीत होतं की मशीनवरच्या माणसानं ते चित्र पाहिलेलंच नाही. फोटो मालकाच्या कॉम्प्युटरवर आला, तिथंच काळा दिसला, तिथंच निघाला. मशीनवर जे पान गेलं त्यात तो नव्हताच. एवढं एक वाक्य मी बोललो असतो तर तो सुटला असता. पण तो सुटला असता तर मग उरलं असतं कोण?

अध्यक्षांनी मला व्हरांड्यात नेलं. दार ओढून घेतलं.

"सर, मला विचारायलाच पाहिजे. तुमच्याकडून तर नाही ना काही?"

"नाही सर."

"वर्गात वगैरे?"

"नाही."

"मग झालं," ते म्हणाले आणि माझ्या खांद्यावर हात ठेवला. त्यांनाही बरं वाटलं होतं. संघाची लाज राहणार होती.

दोन दिवसांनी ते आमच्या शाळेत आले. मुख्याध्यापक, ते आणि मी, तिघं दहावीच्या वर्गात गेलो. मी जायला नको होतं. पण वर्गशिक्षक मीच होतो, नाही कसं म्हणणार? दारातून आत पाऊल टाकताना मला वाटलं, हा वर्ग म्हणजे इतकी सगळी तोंडं आहेत आणि त्यातलं एक उघडलं की माझं सगळं संपलं. नोकरी, गावातली इज्जत, सगळं. कुणीही सांगू शकत होतं. फळ्यावर मी प्रश्न लिहिले तेव्हा तीच पोरं समोर बसली होती.

"सहाव्या प्रश्नाचं चित्र तुम्ही कुठं पाहिलं?" अध्यक्षांनी विचारलं. "घाबरू नका. खरं सांगा."

पोरं वह्यांकडे पाहू लागली. नंतर मागून आवाज आला.

"आमाले सपनात दिसलं सर."

"कोण रे तो? उभा राहा!" मुख्याध्यापक गरजले. पोरगा उभा राहिला, मान खाली घालून. इतर वेळी वर्ग फिसकन हसला असता. त्या दिवशी कुणी हसलं नाही. तेव्हा मला कळलं की त्यांचं ठरलं आहे. गेटावर मी "हळू बोल" म्हणालो होतो, त्यावरून त्यांनी बाकीचं ओळखलं असावं. मला वाचवायचं ठरवून ती मुलं बसली होती आणि मी त्यांना ते करू दिलं.

मग अध्यक्षांनी तिला उभं केलं. खिडकीजवळची तिसऱ्या बाकावरची मुलगी. वर्गात फारशी न बोलणारी, पण लिहायला लागली की पुरवणी मागणारी.

"तुझे वडील प्रेसमध्ये आहेत ना बेटा? त्यांनी दाखवलं?"

"नाई सर. माया बाबानं नाई दाखवलं."

"मग कोणी दाखवलं?"

तिनं माझ्याकडे पाहिलं असतं तर बहुधा मीच बोललो असतो, असं मी पुढं बरेच दिवस म्हणत होतो. आता म्हणत नाही. तिनं पाहिलं नाही, ती फळ्याकडे पाहत होती.

"बोल ना. बाबांनी नाही तर कोणी?"

"मी नाई सांगत."

"म्हणजे बाबांनीच," मुख्याध्यापक म्हणाले.

"नाई म्हनलं ना सर," ती म्हणाली आणि रडायला लागली. उभ्यानं, डोळे न पुसता. मी तिच्यापासून दोन बाकं सोडून उभा होतो. मी खिडकी लावून घेतली. वारा येत नव्हता. काहीतरी करायचं म्हणून लावली.

त्या आठवड्यात तिच्या वडिलांना प्रेसमधून काढलं. मला ते शाळेच्या शिपायाकडून कळलं. बारा-पंधरा वर्षं एका मशीनवर उभा राहिलेला माणूस, आता राईस मिलमध्ये पोती उचलायला जाऊन राहिला म्हणे. मी "अस्सं," म्हणालो आणि हजेरी घ्यायला गेलो.

घरी फोन वाजला की मी तो उलटा करून ठेवायचो. बायको म्हणायची, "काऊन जी, वाजून राहिला, उचलत काऊन नाही?" मी म्हणायचो, मोबाईल कंपनीचा असेल. तिला मी काहीच सांगितलं नव्हतं. शाळेत पोरं माझ्याशी पूर्वीसारखीच बोलत, उलट थोडी जास्त अदबीनं, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटे. ज्याचं गुपित आपल्याकडे आहे त्या माणसाशी आपण असंच बोलतो. एखादा पोरगा गृहपाठ न करता आला तर मी त्याला रागवायचं टाळू लागलो. त्यांच्या ते लक्षात आलं असणार.

ती मुलगी शाळेत येत होती. खिडकीजवळच बसायची. पुरवणी मात्र मागेनाशी झाली.

एक दिवस मधल्या सुट्टीत तिचे वडील आले. सायकल स्टँडजवळ उभे होते. अंगावर मिलचा भुसा होता, भुवयांतसुद्धा. मी लांबूनच ओळखलं आणि स्टाफरूममध्ये परत वळावं असं मनात आलं. ते मोठ्यानं बोलले असते, शिव्या दिल्या असत्या, तर सगळी शाळा जमली असती. मी ते धरूनच पुढं गेलो.

"नमस्कार गुरुजी," ते म्हणाले. आवाज साधा होता. "पोरीनं मले सांगतलं. वर्गात तुमीच दाखवलं म्हून."

मी इकडेतिकडे पाहिलं.

"कोनी नाई आयकत," ते म्हणाले. "मी मालकाले नाई सांगतलं. तिनं माया पाया पडून कबूल करून घेतलं, बाबा, सरची नोकरी जाईन म्हून. आता मी काय करू, तिले शब्द देऊन बसलो."

मी म्हणालो, "मी बघतो काहीतरी."

"काय पाहता? मी त्याच्यासाठी नाई आलो." त्यांनी हात पँटला पुसला. "मले ते चित्र दाखवा. लोक मले इचारतात, का जी, असं काय होतं त्याच्यात? मी काय सांगू? मी पायलंच नाई. ज्याच्यापायी मायं काम गेलं ते पाहू तर द्या."

मी फोन काढला. चित्र शोधलं. त्यांनी फोन हातात घेतला नाही, हात मळलेले होते. मी धरला आणि ते वाकून पाहू लागले. बराच वेळ पाहिलं. ऊन स्क्रीनवर येत होतं म्हणून मी दुसऱ्या हाताने सावली धरली.

"हेच का?" ते म्हणाले.

"हो."

"हे तर आमच्या मशीनवर आलंच नसतं. पुरं काळं आलं असतं." मग थोडं थांबून म्हणाले, "रंग बरा आहे पण." आणि सायकल काढून निघाले. त्यांना मिलवर परतायचं होतं.

मी त्याच संध्याकाळी प्रेसमध्ये गेलो. माझ्यात हिंमत आली होती असं नाही. हा माणूस पुन्हा येईल आणि त्या वेळी सगळ्यांसमोर येईल, ही भीती होती. मालक काउंटरवर होता. मी सांगितलं, तुमच्या माणसाचा काही दोष नाही, चित्र वर्गात मी दाखवलं होतं. शब्द असे निघाले की मलाच ऐकू आले नाहीत, पुन्हा सांगावं लागलं.

तो चकित होईल असं मला वाटलं होतं.

"सर, मेरे को तो पता था," तो म्हणाला. "फोटो मशीन तक गया ही नहीं. मैंने खुद निकाला."

"मग त्याला काढलं कशाला?"

"आपके संघ का काम है ना साल भर का. अध्यक्ष साहब बोले, प्रेस में से कोई है. मैं बोलता कि नहीं है, तो फिर मैं ही बचता था." त्याने हिशेबाची वही बाजूला सारली. "आप बोल दो उनको. फिर मैं बुला लूँगा. मुझे क्या, अच्छा कारीगर है."

म्हणजे आम्ही दोघांनी एकच गोष्ट केली होती. फरक एवढाच की त्यानं ती मला न लाजता सांगितली.

संघाची बैठक त्याच हॉलमध्ये होती. विषय संपले, आभार मानायची वेळ आली, तेव्हा मी उभा राहिलो. पुढचा बाक धरला. मी म्हणालो की पेपर मी काढला होता, चित्र आणि प्रश्न मीच वर्गात आधी दाखवले होते, मुद्दाम दाखवले होते, आणि अध्यक्षांनी विचारलं तेव्हा मी खोटं बोललो.

अध्यक्ष म्हणाले, "सर, तो विषय संपला होता. आता कशाला?" त्यांच्या आवाजात राग कमी आणि कंटाळा जास्त होता. कामठ्याकडचे ते सर खाली पाहत मोबाईल चाळू लागले.

मॅडम तेवढ्या वळून पाहत होत्या. "त्या पोरीला वर्गात उभं केलं तेव्हा तुम्ही कुठं होता?"

"तिथंच होतो."

"तिथंच?"

"हो मॅडम."

त्यांनी मान फिरवली. त्या मला ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. नोकरी गेली नाही. मुख्याध्यापकांनी खुलासा लिहून घेतला, तंबी दिली. पेपर काढण्याचं काम माझ्याकडे पुन्हा येणार नाही असं ठरलं. ज्याच्या भीतीनं मी एवढं सगळं होऊ दिलं होतं, ते एवढंसंच निघालं. हे मला अजून पचत नाही.

अध्यक्षांनी मालकाला फोन केला. मालकानं बोलावलं. तिचे वडील परत मशीनवर गेले. मिलच्या भुशानं छाती भरत होती, न जाऊन काय करणार? मी समजलो, झालं, निदान एवढं तरी सरळ झालं. मुलीला वर्गात सगळ्यांसमोर सांगितलं की चूक माझी होती, तुझ्या वडिलांची नव्हती. ती उभी राहून ऐकत होती. "माहीत आहे सर," म्हणाली आणि बसली. दहावी चांगली पास झाली. आता गोंदियाला अकरावीत आहे.

परवाची गोष्ट. सहामाही परीक्षेचे दिवस जवळ आले होते. मी दुपारी लवकर निघालो होतो, तर कामठ्याच्या फाट्यावर तिचे वडील बसमधून उतरताना दिसले. कामाच्या वारी, भरदुपारी. मी गाडी थांबवली. विचारलं, तब्येत बरी नाही का?

"नाई जी. शाळेचे पेपर आले छापाले," ते म्हणाले. "पेपरचं काम आलं का मालक मले घरी धाडते. तेवढे दिवस."

"पण मी तर सांगितलं होतं सगळ्यांना."

"सांगतलं होतं ना तुमी," ते म्हणाले. "त्याले मी इचारलं. तो म्हनते, पालक लोक इचारतात, तो माणूस अजून आहे का म्हून. कोनाकोनाले समजावू?"

मी म्हणालो, बसा, गावापर्यंत सोडतो. ते म्हणाले, राहू द्या, पायी जातो, तसंही आज काम नाही. मी गाडी हळू चालवत बराच वेळ त्यांच्या बाजूनं गेलो. ते रस्त्याच्या कडेनं चालत होते आणि मला जा म्हणत नव्हते, थांबाही म्हणत नव्हते. मग मागून ट्रक आला, हॉर्न देऊ लागला, आणि मला पुढं जावं लागलं.